उरलेला भात तेलात परतला, आता कॅलरी किती धरायच्या?

रात्री उरलेला भात डब्यात भरताना तुम्ही त्याच्या कॅलरी नीट लिहून ठेवल्या. सकाळी तोच भात पॅनमध्ये घातला, कोरडा वाटला म्हणून थोडं तेल सोडलं, उतरवताना बटरचा तुकडा टाकला. मग ताटली काट्यावर ठेवली, तर वजन डब्यातल्या भातापेक्षा कमी भरलं. तेल घातलं, बटर घातलं, तरी वजन घटलं! इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. कोणी कालचाच आकडा लावतं, कोणी त्यात अंदाजाने "एक चमचा तेल" मिळवतं, तर कोणी वैतागून त्या दिवशीची नोंदच सोडून देतं. मी हे तिन्ही प्रकार केले आहेत. हिशोब मात्र अवघड नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की तो पाच मिनिटांत बसतो.

त्या दोन गोष्टी म्हणजे अन्नातली एकूण ऊर्जा आणि अन्नाचं वजन. आपण "एका ग्रॅमला इतक्या कॅलरी" असा आकडा वापरतो तेव्हा या दोन्ही एकत्र बांधलेल्या असतात. अन्न पुन्हा गरम केलं की ही गाठ सुटते. पॅनमधून वाफ जाते ती पाण्याची, आणि पाण्यात कॅलरी नसतात. म्हणजे वजन घटतं, ऊर्जा तेवढीच राहते. तेलाचं नेमकं उलटं आहे. त्याचं वजन जेमतेम वाढतं आणि ऊर्जा मात्र भराभर चढते, कारण एक ग्रॅम तेलात सुमारे 9 कॅलरी असतात आणि शिजलेल्या साध्या भाताच्या एका ग्रॅममध्ये फक्त 1.3 च्या आसपास. (इथे कॅलरी म्हणजे पाकिटावर छापलेली किलोकॅलरी. रोजच्या बोलण्यात आपण तिलाच कॅलरी म्हणतो.) एकीकडे पाणी निघून गेलं आणि दुसरीकडे तेल आत आलं, तर दर ग्रॅमचा जुना आकडा दोन्ही बाजूंनी खोटा ठरतो. म्हणून तो सोडून द्यायचा आणि एकूण ऊर्जा धरून चालायचं. जुनी एकूण ऊर्जा घ्यायची, तिच्यात नव्या तेला-बटरची ऊर्जा मिळवायची, पॅनला चिकटून राहिलेलं तेल वजा करायचं, आणि जे उरेल त्याला गरम झालेल्या अन्नाच्या वजनाने भागायचं. नवा दर मिळतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. रात्री भाज्या घालून भात केला. कच्चे तांदूळ 200 ग्रॅम, त्यांच्या 720 कॅलरी. चिरलेल्या भाज्यांच्या मिळून 105. तेल 15 ग्रॅम, म्हणजे 135. एकूण 960 कॅलरी. शिजल्यावर सगळ्या भाताचं वजन भरलं 800 ग्रॅम, म्हणून दर ग्रॅमला 1.2 कॅलरी. रात्री 450 ग्रॅम संपला, 350 ग्रॅम उरला. उरलेल्याची ऊर्जा 350 गुणिले 1.2, म्हणजे 420 कॅलरी.

सकाळी पॅनमध्ये 14 ग्रॅम तेल गेलं, म्हणजे 126 कॅलरी. शेवटी 10 ग्रॅम बटर, त्याच्या 72. दोन्ही मिळून 198. जुन्या 420 मध्ये ते मिळवले की 618. भात काढून घेतल्यावर पॅनच्या तळाला तेलाचा पातळ थर होता. तो टिपून पाहिला तर 3 ग्रॅम निघाला, म्हणजे 27 कॅलरी पोटात जाणार नाहीत. त्या वजा केल्यावर उरल्या 591. गरम भाताचं वजन आता 335 ग्रॅम आहे. आत 350 ग्रॅम भात, 14 ग्रॅम तेल आणि 10 ग्रॅम बटर मिळून 374 गेले होते. तीनेक ग्रॅम तेल आणि चिकटलेली शितं पॅनमध्ये राहिली, बाकीची पस्तीसेक ग्रॅमची तूट वाफेची. आता 591 ला 335 ने भागा. दर ग्रॅमला जवळजवळ 1.76 कॅलरी. रात्री हाच दर 1.2 होता.

ताटलीत 200 ग्रॅम वाढून घेतला तर त्याच्या साधारण 353 कॅलरी झाल्या. कालचाच दर लावणाऱ्याने 240 लिहिल्या असत्या, म्हणजे 113 कमी. आणि जो कालचे 240 धरून त्यात सगळं तेल आणि सगळं बटर स्वतःच्या नावावर मांडतो, त्याची नोंद 438 होते, म्हणजे 85 जास्त. तेल पॅनमधल्या सगळ्या भाताला लागलं होतं आणि त्याने खाल्ला होता थोडाच भात, एवढीच त्याची चूक. एकट्याने सगळं संपवलं तर ही दुसरी चूक होत नाही. वाटून खाल्लं की हमखास होते.

या सगळ्या आकड्यांत खरी मेख एकाच जागी आहे, ती म्हणजे "14 ग्रॅम तेल गेलं" या वाक्यात. ते 14 कुठून आले?

मी बरेच महिने नोंदीत "तेल, 1 छोटा चमचा" असं लिहीत होते. बाटली तिरकी करायची, पॅनच्या तळावर एक गोल फिरवायचा, झालं. मोजायची कधी गरज वाटली नाही, कारण माझ्या नजरेला तो चमचाभरच दिसत होता. एक दिवस सहज बाटली आधी काट्यावर ठेवली: 612. तेल सोडलं, नेहमीसारखा एक गोल. बाटली परत ठेवली: 601. अकरा ग्रॅम! मापाच्या छोट्या चमच्यात तेल मावतं साडेचार ग्रॅम. म्हणजे मी 40 कॅलरी लिहीत होते आणि जात होत्या 99. पुढचे आठ-दहा दिवस रोज तसंच मोजलं. नऊच्या खाली आकडा एकदाही आला नाही. गरम पॅनवर तेल झरझर पसरतं, थर पातळ दिसतो आणि डोळ्याला ते कमीच वाटतं. पॅन जितका मोठा, तितकी ही फसगत मोठी.

तेव्हापासून मी बाटलीच मोजते, पॅन मोजत नाही. याला कारणं आहेत. गरम पॅन काट्यावर ठेवला तर काट्यातल्या भार मोजणाऱ्या भागाला उष्णता लागते, आकडा सरकत राहतो आणि काटा बिघडूही शकतो. दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि तेल थेंबथेंब सोडलं, तर बरेच घरगुती काटे ती बारीक वाढ मोजतच नाहीत. शून्याजवळची सावकाश हालचाल म्हणजे आपलाच आकडा भरकटतोय असं ते धरतात आणि गुपचूप पुन्हा शून्यावर येतात. चार-पाच ग्रॅम तेल असं सहज गायब होतं. बाटली आधी आणि नंतर मोजली की दोन्ही वेळा वजन भक्कम असतं, आणि वजाबाकीत तेलाचा आकडा मिळतो. बटरचंही तसंच करायचं. वडी कागदासकट ठेवा, काटा शून्यावर आणा, तुकडा कापून घ्या आणि उरलेली वडी परत ठेवा. काट्यावर उणे चिन्हासह जो आकडा दिसेल, तेवढं बटर गेलं.

काटा नसेल तर मापाचे चमचे वापरा, पण काठोकाठ सपाट भरून. 5 मिलिलिटरच्या चमच्यात तेलाच्या साधारण 40 कॅलरी, 15 मिलिलिटरच्या चमच्यात 120. इथे मिलिलिटर आणि ग्रॅम एकच समजू नका. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, 15 मिलिलिटर तेलाचं वजन 14 ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. जेवायच्या चमच्यांना ठरावीक माप नसतं, त्यामुळे त्यांच्यावर हिशोब बसवू नये. बटर चमच्याने मोजणं तर नकोच. घट्ट बटर चमच्यावर ढिगासारखं बसतं, आणि सपाट चमचा कुठला नि शीग लावलेला कुठला, यात दुपटीचा फरक पडू शकतो.

तेलाला 9 आणि बटरला 7.2 का, हेही पाहून घेऊ. तेल म्हणजे जवळजवळ संपूर्ण स्निग्ध पदार्थ. बटरमध्ये तो साधारण 80 टक्के असतो, उरलेल्यात बहुतांश पाणी आणि थोडे दुधातले घटक. म्हणून 100 ग्रॅम बटरच्या 720 च्या आसपास कॅलरी आणि 100 ग्रॅम तेलाच्या 900 च्या आसपास. (पोषणमूल्यांच्या तक्त्यांत तेलाला 884 दिसतील, पाकिटावर बहुधा 900. चौदा ग्रॅमला हा फरक दोन कॅलरींचा आहे, सोडून द्या.) बटर पॅनमध्ये पडलं की तडतडतं आणि फेस येतो, तो त्यातलं पाणी निघून जाताना. पुष्कळांना वाटतं की फेस जिरला, बटर "आटलं", तर कॅलरीही कमी झाल्या असतील. तसं होत नाही. पाणी गेलं, स्निग्ध पदार्थ जागेवरच आहे. बटर मोजायचं ते वडीतून कापतानाच, वितळल्यावर नाही. पाणी काढून टाकलेलं बटर म्हणजे तूप, त्याला तेलाचाच दर लावायचा. तेलाचंही तसंच: पॅनमधून वाफ येताना दिसते ती अन्नातल्या पाण्याची. साध्या परतण्यात तेल उडून जात नाही. ओट्यावर उडालेले शिंतोडे किंवा तेल फारच तापलं तर निघणारा धूर यांत थोडंफार जातं, पण हिशोबात धरण्याइतकं नाही.

आता पॅनमध्ये मागे राहिलेल्या तेलाकडे. ते वजा करायचं का? माझं मत असं, की भातासारखं सगळं शोषून घेणारं अन्न असेल तर या भानगडीत पडू नका. शेवटचा उलथनाभर भात पॅनच्या तळावरून फिरवून घ्या, तो उरलंसुरलं तेल पुसून घेतो, आणि मागे जे राहील ते शून्य समजा. वरच्या उदाहरणात मी 27 कॅलरी वजा केल्या, पण त्या वजा केल्या नसत्या तर 200 ग्रॅमच्या ताटलीत फक्त सोळा-सतरा कॅलरी जास्त धरल्या गेल्या असत्या.

तेल मोकळं उरतं अशा वेळी मात्र गोष्ट पूर्ण बदलते. समजा, उकडलेले बटाटे उरले आहेत. त्यांच्या चकत्या करून 30 ग्रॅम तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस केल्या. काढून झाल्यावर पॅनमध्ये तेल तरंगतंय. ते आधी मोजून ठेवलेल्या वाटीत ओतलं, 17 ग्रॅम भरलं. पॅन कागदी रुमालाने पुसला, रुमालाचं वजन 2 ग्रॅमनी वाढलं. म्हणजे बटाट्यांत गेलं 11 ग्रॅम, त्याच्या 99 कॅलरी. मोजलं नसतं तर 30 ग्रॅमच्या 270 लिहिल्या असत्या. एकाच पॅनमध्ये पावणेदोनशे कॅलरींची तफावत. तेव्हा नियम एवढाच धरा: पॅन तिरका केल्यावर तेल वाहून एका कडेला जमत असेल तर ते मोजा, नुसता तळ चकाकत असेल तर सोडा. चकत्या रुमालावर टिपायच्या असतील तर पॅनमधून निघाल्या-निघाल्या टिपा. अन्न थंड होऊ लागलं की आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. मग रुमालाच्या हाती फारसं काही लागत नाही.

उरलेलं अन्न स्वतःच तेलकट असेल, म्हणजे गरम होताना त्यातूनच तेल सुटत असेल, तर लोक आणखी एका जागी अडकतात: पॅनमधलं तेल नवं की जुनं? ते शोधायची गरजच नाही. रात्रीच्या हिशोबात अन्नाचं स्वतःचं तेल किंवा चरबी धरलेली असेल, तर पॅनमध्ये मागे राहिलेला प्रत्येक ग्रॅम वजाच होतो, मग तो कुठूनही आलेला असो. चरबीदार मांस गरम केलं आणि सुटलेली चरबी ओतून टाकली, तर उत्तर रात्रीच्या आकड्यापेक्षा कमीही येऊ शकतं आणि ते बरोबर असतं. अडचण एवढीच, की त्या वाटीत चरबीबरोबर रसही उतरतो. वाटी तासभर फ्रिजमध्ये ठेवली की चरबी वर येऊन गोठते, रस खाली राहतो. वरची चकती उचलून मोजायची.

वाफेचं काय? तिच्यामुळे आकडा किती चुकतो ते एकदा पाहा. वरच्या भातात कोणी गरम झाल्यावरचं वजन घेतलं, 335 गुणिले जुना दर 1.2, म्हणजे 402, त्यात 198 मिळवून 27 वजा केले, तर 573 येतात. खरे 591. सगळ्या भातावर 18 ची चूक, चालून जाईल. पण पातळ रश्श्याची भाजी आटवून घट्ट केली आणि वजन एक-तृतीयांशाने उतरलं, तर अन्नाच्या ऊर्जेतही एक-तृतीयांशाचा घोटाळा होतो. उलट, गरम करताना पाणी घालून सैल केली तर त्याच पद्धतीने कॅलरी फुगलेल्या दिसतात. तेव्हा उरलेल्या अन्नाचं वजन नेहमी पॅनमध्ये घालण्याआधीचं, डब्यातलं धरायचं, आणि गरम झाल्यावरचं वजन फक्त वाटण्यासाठी वापरायचं. एकट्याने सगळं खाणार असाल तर हे दुसरं वजन लागतच नाही. 591 लिहा आणि जेवायला बसा.

थंड करून पुन्हा गरम केलेल्या भाताच्या कॅलरी कमी होतात, असंही ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे, पण थोडं. शिजलेला भात थंड झाला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग अशा रूपात बसतो की आपल्या लहान आतड्यात तो पचत नाही, आणि गरम केल्यावरही तो बराचसा तसाच राहतो. पण ही वाढ 100 ग्रॅम भातामागे ग्रॅमभराच्या आसपासची असते. शिवाय तो स्टार्चही अगदी फुकट जात नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून थोडी ऊर्जा शरीराला मिळतेच. म्हणजे वाचल्या त्या 100 ग्रॅमला दोन-तीन कॅलरी. पाव छोटा चमचा तेल जास्त पडलं तर एवढ्या कॅलरी कधीच भरून निघतात. मी हा फरक धरत नाही.

कॅलरी नोंदवायचं ॲप वापरत असाल तर एक खबरदारी घ्या. त्यातल्या तयार यादीत "परतलेला भात" किंवा "तळलेले बटाटे" असं निवडलं, तर त्या आकड्यात कोणाचं तरी तेल आधीच धरलेलं असतं. वर स्वतःचं तेल वेगळं घातलं की ते दोनदा मोजलं जातं. मी ॲपमध्ये आदल्या रात्रीची स्वतःची पाककृती घेते, तिच्यातून डब्यातल्या वजनाएवढा भाग काढते, आणि तेल आणि बटर वेगळ्या ओळींत, ग्रॅममध्ये लिहिते.

वाटून खायचं असेल तर वाढण्याआधी तळापासून नीट ढवळा. शेवटी टाकलेलं बटर वरच्या थरात राहतं, तेल तळाशी, आणि खालची खरवड ज्याच्या ताटात जाते त्याच्याकडे तेल जास्त जातं. दर ग्रॅमचा सरासरी आकडा तेव्हाच खरा, जेव्हा पॅनमधला प्रत्येक घास सारखा असेल. आणि सगळं करून झाल्यावर 353 ऐवजी 350 लिहा. तक्त्यांतले तांदळाचे आणि भाज्यांचे आकडे मुळात सरासरीच असतात, तुमच्या हातातली भाजी त्याहून थोडी वेगळी असणारच.

हा सगळा हिशोब रात्रीच्या एका आकड्यावर उभा आहे, आणि तो सकाळी आठवत नाही. मी डबा बंद करताना झाकणावर कागदी चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर दोनच गोष्टी लिहिते: "350 ग्रॅम, 420 कॅलरी". नुसता दर लिहीत नाही. फ्रिजमध्ये भात थोडा सुकतो, झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरतात, सकाळी वजन 345 भरतं. दर लिहिला असता तर 345 गुणिले 1.2 करून मी 414 धरले असते आणि सहा कॅलरी झाकणाच्या थेंबांना गेल्या असत्या. एकूण 420 लिहिलेले असले की डबा पूर्ण रिकामा करायचा, थेट त्या 420 मध्ये तेलाच्या कॅलरी मिळवायच्या आणि पॅन गॅसवर ठेवायचा.